लिंकची मुदत आणि मेलमधला मजकूर

घरून काम करणाऱ्या एका डिझायनरने सांगलीच्या मसाला उद्योगासाठी पाकिटांचं डिझाइन केलं, असं समजा. छपाईची पीडीएफ, मूळ एआय फाइल, फोटो असं सगळं मिळून सहाशे एमबीच्या वर जातं. जीमेलमध्ये जोडपत्राची मर्यादा २५ एमबी, त्यामुळे फाइल्स लिंकवरूनच पाठवाव्या लागतात. पाकीट अजून बाजारात आलेलं नसतं, म्हणून लिंकला पासवर्ड आणि मुदत घालायची. इथवर बहुतेक जण नीट करतात. घोळ होतो तो सोबतच्या मेलमध्ये, कारण त्यात ‘फाइल्स पाठवल्या आहेत, लिंक सात दिवस चालेल, पासवर्ड खाली’ एवढंच लिहिलेलं असतं.

सात दिवस कधीपासून? मेल शुक्रवारी रात्री गेला, मालकांनी सोमवारी पाहिला, प्रेसवाल्याकडे बुधवारी पुढे पाठवला. प्रेसवाला शनिवारी उघडतो तेव्हा लिंक बंद झालेली असते. म्हणून वार, तारीख आणि वेळ लिहावी. ग्राहक दुबईत किंवा लंडनमध्ये असेल तर ‘भारतीय वेळेनुसार’ हेही लिहावं. काही सेवा मुदत जागतिक प्रमाणवेळेने मोजतात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. सेवेच्या पानावर दिसणारी वेळ मेलमध्ये उतरवण्याआधी एवढं तपासावं.

पासवर्ड त्याच मेलमध्ये देणं म्हणजे कुलपाला किल्ली लावून ठेवणं. तो मेल पुढे पाठवला की पासवर्डही सोबत जातो. तो फोनवर सांगावा किंवा एसएमएसने पाठवावा. फोनवर सांगायचा असेल तर शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि छोटा एल अशी गोंधळाची अक्षरं त्यात नसावीत. ‘एकदाच डाउनलोड’ ही सोय मात्र मला धोक्याची वाटते. काही कंपन्यांच्या मेलवरचं सुरक्षा-सॉफ्टवेअर आलेली लिंक आधी स्वतःच उघडून तपासतं. लिंकला पासवर्ड नसेल तर ती एकुलती संधी तिथेच खर्ची पडते आणि ग्राहकाला रिकामं पान दिसतं.

गूगल ड्राइव्हच्या साध्या लिंकला पासवर्ड लावता येत नाही. तिथे ७-झिपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड घालून फोल्डर बांधावं आणि मुदत संपली की शेअरिंग हाताने बंद करावं. पासवर्ड लावलेल्या साध्या झिपमध्येही फाइल्सची नावं कुणालाही वाचता येतात. नव्या उत्पादनाचं नाव फाइलच्या नावात असेल तर ते तिथेच फुटलं. 7z प्रकारात `Encrypt file names` निवडलं की नावंही झाकली जातात. मग ती उघडायला ग्राहकाकडेही ७-झिपसारखं सॉफ्टवेअर लागतं, हे मेलमध्ये सांगून ठेवावं.

आता तो मेल कसा असावा?

विषय: मसाला पाकिटं – अंतिम फाइल्स (लिंक शुक्रवार, १४ नोव्हेंबरपर्यंत)

‘नमस्कार साहेब,
तिन्ही पाकिटांच्या अंतिम फाइल्स खालच्या लिंकवर ठेवल्या आहेत. लिंक शुक्रवार, १४ नोव्हेंबर, रात्री ८ पर्यंत चालेल. पासवर्ड तुमच्या मोबाइलवर एसएमएस केला आहे.
फोल्डरमध्ये छपाईच्या तीन पीडीएफ, तीन मूळ एआय फाइल्स आणि पाहण्यापुरते तीन जेपीजी आहेत. प्रेसला फक्त पीडीएफ द्याव्यात. त्यात मराठी अक्षरांचे आकार करून घेतले आहेत, त्यामुळे प्रेसकडे फाँट नसला तरी जोडाक्षरं तुटणार नाहीत.
कृपया फाइल्स तुमच्या संगणकावर उतरवून घ्या, उघडून पाहा आणि मिळाल्याचं कळवा. बुधवारी मी फोन करेनच. माझ्याकडे या फाइल्सची प्रत ३१ जानेवारीपर्यंत राहील.’

यातलं ‘उघडून पाहा’ फार महत्त्वाचं आहे. मोबाइलवर लिंक उघडून जेपीजी पाहिला की अनेकांना फाइल्स मिळाल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात संगणकावर काहीच उतरलेलं नसतं. डाउनलोड अर्ध्यावर तुटलं तर झिप उघडताना ‘फाइल खराब आहे’ असा संदेश येतो. म्हणून मेलमध्ये फाइल्सची संख्या असावी. नऊ म्हटलंय आणि आठच दिसल्या, तर ग्राहकाला लगेच कळतं.

मुदत संपली की बंद होतो तो फक्त लिंकचा रस्ता. ज्याने आधी फाइल उतरवून घेतली, त्याच्याकडची प्रत तशीच राहते. त्यामुळे पैसे बाकी असताना मुदतीच्या भरवशावर मूळ एआय फाइल सोडू नये. तोवर पाहण्यापुरता जेपीजी पाठवावा आणि पैसे जमा झाल्यावरच अंतिम फाइल्सची लिंक द्यावी.