रिकाम्या बाकासमोर

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या आबेदा इनामदार महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. मुरूड आपल्याच रायगड जिल्ह्यातले, म्हणून ती बातमी आपल्याला परकी नव्हती. अशा दुर्घटनेविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु त्यानंतर पहिल्यांदा वर्ग भरतो, हजेरी घेताना एका नावापाशी शिक्षकांचा आवाज अडतो, त्या सकाळी मुख्याध्यापकांनी मुलांशी काय बोलावे, याचा विचार फारसा होत नाही.

समजा, पेणमधील एका शाळेतील नववीचा विद्यार्थी रात्री अकस्मात वारला. सकाळी शाळा भरण्यापूर्वीच वार्ता बाजारपेठेत पोहोचलेली असते. रोह्याच्या नातलगांचे दूरध्वनी येऊन गेलेले असतात आणि मुलांच्या भ्रमणध्वनीवर तीन निरनिराळी कारणे फिरत असतात. अशा वेळी मुख्याध्यापकांचे पहिले काम बोलण्याचे नसते. त्यांनी मुलाच्या घरी स्वतः विचारून घ्यावे, की काय सांगितलेले चालेल. कुटुंबाने कारण सांगण्यास अनुमती दिली नसेल, तर ते सांगू नये.

दुसरी गोष्ट क्रमाची. त्या मुलाच्या वर्गाने ही बातमी भरल्या मैदानात ऐकू नये. प्रार्थनेपूर्वी वर्गशिक्षकांनी त्यांना वर्गातच सांगावे. सख्खी भावंडे वा चुलत भावंडे त्याच शाळेत असतील, तर त्यांच्याकडे आधी जावे. मग सभा.

सभेतील शब्द थोडे असावेत. “आपल्या नववीतील विद्यार्थी काल रात्री मरण पावला. त्याच्या आईवडिलांशी मी बोललो आहे. कारणाविषयी त्यांनी जेवढे सांगितले, तेवढेच मी तुम्हाला सांगतो; त्यापलीकडे कोणी काही सांगितले तर ते पुढे पाठवू नका. कोणाला रडू येईल, कोणाला येणार नाही. दोन्हींत काही चुकीचे नाही.” एवढे पुरे. अर्थात, ‘आपल्या नववीतील विद्यार्थी’ या ठिकाणी मुलाचे नाव स्वच्छ उच्चारावे.

‘मरण पावला’ हा शब्द टाळण्याचा मोह होतो. ‘देवाघरी गेला’, ‘झोपेतच गेला’ हे मोठ्यांना मऊ वाटते. परंतु मारिया नॉज या संशोधिकेने बुडापेस्ट येथील मुलांशी बोलून १९४८ साली जे प्रसिद्ध केले, त्यात असे दिसले की पाच वर्षांखालील मुले मृत्यूला पुष्कळदा प्रवास किंवा झोप समजतात. तो अटळ आहे हे साधारण नऊ वर्षांनंतर उमगते. म्हणून बालवर्गातील मुलाला ‘झोपला’ असे सांगितले, तर तेच मूल रात्री डोळे मिटायला घाबरू शकते. आपल्या घरांत ‘आयुष्य पूर्ण झाले’ असे म्हणतात. वृद्धाविषयी ते समाधान देते. चौदा वर्षांच्या मुलाविषयी ते ऐकणाऱ्या मित्राच्या मनात मात्र प्रश्न उठतो, माझे कधी पूर्ण होणार? आणि कर्माचा हिशोब तर त्या दिवशी कोणीही मांडू नये. ते तत्त्व खोटे आहे म्हणून नव्हे. शोकाकुल आईच्या कानावर ते दोषारोपासारखे पडते म्हणून.

मृत्यू आत्महत्येचा असेल, तर आणखी जपावे लागते. पद्धत सांगू नये, एकच कारण देऊ नये, ‘परीक्षेने घेतला बळी’ असे तर मुळीच म्हणू नये. कारण तेच दुःख असलेल्या दुसऱ्या मुलाला त्यातून वाट दिसू शकते. तो सुटला, असेही नको. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहावा, आणि कोणत्या शिक्षकांकडे, कोणत्या खोलीत जाऊन बसता येईल तेही सांगावे.

पुष्कळ शाळा लगेच सुट्टी देतात. भावना चांगली, परंतु वडील दुकानात, आई शोकभेटीला, आणि मूल घरी एकटे भ्रमणध्वनीपुढे, असे घडते. तास चालू ठेवावेत. शिकवणे थोडे, बोलणे अधिक. बाक त्याच दिवशी हलवू नये. काही दिवसांनी वर्गालाच विचारावे.

काळजी कोणाची घ्यावी? रडणाऱ्याकडे सर्वांचे लक्ष जाते. शेजारी बसणारा, आदल्या दिवशी भांडलेला, किंवा स्वतःच्या घरी नुकताच मृत्यू पाहिलेला मुलगा गप्प राहतो. दोन-तीन आठवडे उलटूनही तो जेवत-झोपत नसेल, शाळा टाळत असेल, तर पालकांना बोलावून डॉक्टरांकडे पाठवावे. मरण्याविषयी बोलू लागला तर त्याच दिवशी, वाट न पाहता.

एक कार्यालयीन काम मात्र सहज विसरले जाते. संगणकातील यादीतून नाव काढले नाही, तर महिन्याच्या अखेरीस त्या घरी थकीत फीचा संदेश जातो. लिपिकाने तो पहिल्याच दिवशी थांबवावा. वह्या आणि चित्रकलेचे कागद मात्र टपालाने पाठवू नयेत. वर्गशिक्षकांनी स्वतः घरी नेऊन द्यावेत, आणि आईने बसा म्हटले तर बसावे.