उकडलेला बटाटा नापास, वेफर्स पास

ग्लायसेमिक इंडेक्सचा तक्ता हाती पडला की पहिल्यांदा थोडा गोंधळ उडतो. उकडलेल्या बटाट्याचा आकडा ७८ च्या आसपास, त्याच बटाट्याच्या तळलेल्या वेफर्सचा ५६ च्या आसपास. चॉकलेट ४० आणि गव्हाचा ब्राउन ब्रेड ७४. तक्त्याच्या नियमाने ५५ किंवा त्याखाली कमी, ७० किंवा त्यावर जास्त. म्हणजे वजन उतरवायला निघालेल्या माणसाने हा तक्ता फ्रीजवर चिकटवला, तर बटाटा उकडण्यापेक्षा तळून खाणं बरं, असं त्याला वाटायला हवं! तक्ता चुकीचा नाही. तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो, तो प्रश्न मात्र आपला नसतो.

तो प्रश्न कुठून आला, ते आधी पाहू. १९८१ साली टोरंटो विद्यापीठात डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६२ पदार्थ तपासले. त्यांच्या डोळ्यांसमोर मधुमेहाचे रुग्ण होते. पोळी, भात, बटाटा, डाळ यांतली कर्बोदकं ग्रॅमात सारखी असली, तरी खाल्ल्यावर रक्तातली साखर सारखीच चढते का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. मोजण्याची रीत सरळ आहे. ज्यात पचणारी कर्बोदकं बरोबर ५० ग्रॅम भरतील एवढा पदार्थ उपाशीपोटी खायला द्यायचा, पुढचे दोन तास थोड्या थोड्या वेळाने बोट टोचून साखर मोजायची आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ काढायचं. त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी ५० ग्रॅम ग्लुकोज पाजायचं. ग्लुकोजचं क्षेत्रफळ १०० धरलं, तर पदार्थाचं किती, तो त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स. अशा निदान दहाएक माणसांची सरासरी तक्त्यात येते.

या रीतीत वजनाचा कुठेच संबंध नाही. वेफर्सचा आकडा कमी येतो, कारण तेलामुळे पोट हळू रिकामं होतं आणि साखर रक्तात संथपणे उतरते. ते तेल स्वतः ग्रॅममागे ९ कॅलरी घेऊन येतं, पण तेलाने रक्तातली साखर चढत नाही, म्हणून मोजणाऱ्या यंत्राला ते दिसतच नाही. पदार्थात तूप, साय किंवा लोणी वाढवत नेलं की इंडेक्स बहुधा घसरतो आणि कॅलरी चढत जातात.

दुसरी अडचण प्रमाणाची. कलिंगडाचा इंडेक्स ७६ असा छापून आल्यावर अनेकांनी उन्हाळ्यात कलिंगड सोडलं. पण ५० ग्रॅम कर्बोदकं मिळवायला जवळपास पाऊण किलो गर खावा लागेल. हा घोळ मिटावा म्हणून १९९७ च्या सुमारास हार्वर्डच्या संशोधकांनी ग्लायसेमिक लोड आणला. पानात पडलेल्या पदार्थातली कर्बोदकं ग्रॅममध्ये घ्यायची, त्यांना इंडेक्सने गुणायचं आणि १०० ने भागायचं. कलिंगडाच्या १२० ग्रॅमच्या फोडीत पचणारी कर्बोदकं असतात ८-९ ग्रॅम, म्हणजे लोड जेमतेम ६-७. दहापर्यंत कमी, वीस आणि वर जास्त. कलिंगड सुटलं.

बटाट्याचं काय? दीडशे ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात पचणारी कर्बोदकं सुमारे २७ ग्रॅम, लोड २१, कॅलरी १३०. वेफर्सच्या ५० ग्रॅमच्या पाकिटात कर्बोदकं सुमारे २४ ग्रॅम, लोड १३-१४, कॅलरी २७०. म्हणजे लोडच्या हिशेबातही वेफर्सच जिंकले आणि कॅलरी दुपटीने वाढल्या. लोड हा इंडेक्सपेक्षा शहाणा आकडा आहे, पण त्यालाही तेल दिसत नाही.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. साखर झपाट्याने चढली की इन्सुलिन उसळतं. इन्सुलिन असेपर्यंत चरबीच्या पेशी आपला साठा सोडत नाहीत. मग साखर घसरते, भूक लागते आणि माणूस पुन्हा खातो. यातला इन्सुलिनचा भाग शरीरशास्त्राला धरून आहे. पण जेवणानंतरच्या दोन-तीन तासांत चरबी कोंडली गेली, तरी रात्रभरात ती बाहेर पडतेच. चोवीस तासांचा हिशेब कॅलरींवर ठरतो. राहिली भूक, आणि ती तर मोजून पाहता येते.

ती अमेरिकेत बोस्टनच्या टफ्ट्‌स विद्यापीठात मोजली गेली. वजन जास्त असलेल्या ३४ निरोगी माणसांचे दोन गट केले. दोघांच्याही रोजच्या कॅलरी ३० टक्क्यांनी कापल्या. एका गटाला जास्त लोडचं जेवण, दुसऱ्याला कमी लोडचं. अशा प्रयोगांत माणसं सांगतात एक आणि खातात दुसरंच. म्हणून पहिले सहा महिने सगळं अन्न संशोधकांनीच पुरवलं. पुढचे सहा महिने मंडळींनी स्वतःचं स्वतः पाहिलं. वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांचं वजन सुमारे ८ टक्क्यांनी उतरलं होतं. भुकेतही फरक पडला नव्हता. २००७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोग लहान होता हे खरं, पण अन्न हातात देऊन वर्षभर चालवलेले प्रयोग मुळातच थोडे असतात.

इंडेक्सच्या बाजूनेही एक चांगला पुरावा आहे. युरोपातल्या आठ देशांत चाललेल्या ‘डायोजेनिस’ प्रयोगात आधीच वजन उतरवलेल्या माणसांना घेतलं होतं. उतरलेलं वजन परत किती चढतं, हे पाहायचं होतं. कमी इंडेक्सचं खाणाऱ्यांचं वजन २६ आठवड्यांत इतरांपेक्षा साधारण एक किलोने कमी परतलं. जेवणात प्रथिनं वाढवलेल्या गटालाही तेवढाच लाभ झाला. म्हणजे इंडेक्सचा उपयोग शून्य नाही. तो सहा महिन्यांत किलोभराचा आहे, आणि ते श्रेय एकट्या त्याचं नाही.

भुकेचा आणखी थेट हिशेब सिडनीत सुझाना होल्ट यांनी १९९५ साली मांडला. त्यांनी ३८ पदार्थ घेतले, प्रत्येकाचा २४० कॅलरींचा वाटा केला आणि खाल्ल्यावर दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोट किती भरल्यासारखं वाटतं, ते लोकांना विचारलं. पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले. लोणी घातलेला क्रोसाँ ४७ वर राहिला, वेफर्स ९१ वर. सगळ्यात वर, ३२३ गुणांवर कोण? इंडेक्सच्या तक्त्यात नापास झालेला उकडलेला बटाटा. २४० कॅलरींचा बटाटा म्हणजे जवळपास पावणेतीनशे ग्रॅमची वाटणी, त्यात बहुतेक पाणी, आणि ती चावून खावी लागते. पोट भरण्याशी संबंध त्या आकारमानाचा, पाण्याचा, चोथ्याचा आणि प्रथिनांचा. साखर किती झपाट्याने चढली याचा फारसा नाही.

चोथा म्हणजे फायबर. याचं काम मुख्यतः जागा अडवण्याचं. तो पाणी धरतो, चावायला वेळ लावतो आणि ग्रॅममागे फार तर दोन कॅलरी देतो. २०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४० जणांच्या एका गटाला आहाराचे सविस्तर नियम दिले आणि दुसऱ्याला एकच सूचना केली: रोज ३० ग्रॅम फायबर खा. वर्षाअखेर सविस्तर नियमांचा गट २.७ किलोने उतरला, एका सूचनेचा गट २.१ किलोने. आकडे काही डोळे दिपवणारे नाहीत. पण एवढी सोपी सूचना दुसरी कोणती सांगता येईल?

आता आपल्याकडचा हिशेब करू. उपासाच्या दिवशीची एक बशी साबुदाण्याची खिचडी: कोरडा साबुदाणा ६० ग्रॅम, दाण्याचं कूट २० ग्रॅम, तूप २० ग्रॅम, थोडा बटाटा. कॅलरी साधारण ५५०, फायबर जेमतेम ३ ग्रॅम, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. दुसऱ्या पानात ज्वारीच्या दोन भाकऱ्या, पीठ १०० ग्रॅम. ३० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, तिला दोन चमचे तेल, शेजारी काकडीची कोशिंबीर. कॅलरी इथेही साधारण ५५०, पण फायबर १५ ग्रॅमच्या घरात आणि पान दुपटीने भरलेलं. इंडेक्स पाहाल तर बिचारी भाकरी अडकते. एका जुन्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात ज्वारीच्या भाकरीचा आकडा ७७ आहे. त्या हिशेबाने दोन भाकऱ्यांचा लोड ५० च्या वर जातो. नंतरच्या काही मोजण्यांत ज्वारीचे आकडे बरेच कमी आले. एकाच धान्याचा आकडा वाण, दळण, शिजवण आणि मोजणारी माणसं यांनुसार एवढा हलत असेल, तर त्याच्या जोरावर भाकरी सोडायची की नाही, हे कसं ठरवणार?

माणसामाणसातला फरकही लहान नाही. २०१६ च्या एका चाचणीत ६३ जणांना तोच पांढरा ब्रेड पुन्हा पुन्हा दिला. सरासरी ६२ आली, पण एकाच माणसाचाही आकडा दिवसागणिक सुमारे २० टक्क्यांनी हलत होता. शिवाय आपण नुसता ब्रेड किंवा नुसता भात खात नाही. वरण, भाजी, दही मिसळलं की तक्त्यातला आकडा पानात उरत नाही.

दुकानात आता ‘लो जीआय’ लिहिलेला तांदूळ मिळतो. मधुमेह असलेल्या माणसाला त्याचा खरा उपयोग होऊ शकतो. जेवणानंतरची साखर हाच त्याचा प्रश्न आहे, आणि त्याने गोळ्या किंवा इन्सुलिनसह आहार बदलताना डॉक्टरांना विचारायलाच हवं. वजन उतरवायला मात्र त्याचा लाभ शोधावा लागतो. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात साडेतीनशे कॅलरी, मग पिशवीवर काहीही छापलेलं असो. ‘हाय फायबर’ बिस्किटांचंही तेच: घातलेला कोंडा खरा, पण मैदा, साखर आणि वनस्पती तूप मिळून शंभर ग्रॅमला साडेचारशेच्या वर कॅलरी भरतात. फायबर वाढवायचं तर उसळ, भाजी, सालासकट फळ यांतून आणि हळूहळू, पाणी वाढवत. एकदम वाढवलं तर पोट गुबारतं आणि माणूस तिसऱ्या दिवशी सोडून देतो.

कॅलरी मोजणं कंटाळवाणं आहे हे मान्य, पण एक जागा आपल्या घरात मोजायला फार सोपी आहे. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी एक लिटर, म्हणजे सुमारे ८२०० कॅलरी, रोजच्या २७०. डब्यावर तारीख लिहून ठेवली की महिन्याभरात कळतं. ते निम्म्यावर आणलं, तर फोडणीतून माणशी रोज १३५ कॅलरी सुटतात, बाकी जेवण जसंच्या तसं. आणि जेवणाचा ग्लायसेमिक इंडेक्स? तो तेल कमी झाल्याने थोडा चढलाच असेल.