मान क्रियापदात असतो

समजा, साहेबांच्या पत्रात सर्व तालुक्यांचा एकत्रित अहवाल २० तारखेला मागितला आहे. पण १२ पैकी ३ तालुक्यांची माहिती २२ तारखेपूर्वी येणारच नाही. हे साहेबांना लेखी कळवायचे आहे.

धास्तावलेला लिपिक लिहितो: ‘परम आदरणीय साहेब, आपल्या चरणी नम्र विनंती की, दोन-तीन दिवसांची मुदत देण्याची कृपा केल्यास अत्यंत उपकृत होईन.’ वैतागलेला लिहितो: ‘२० तारखेला अहवाल देणे शक्य नाही.’

पहिल्या पत्रात मुदत का हवी, काम कुठे अडले, हे साहेबांना कळतच नाही. शिवाय कार्यालयीन अडचणीची वैयक्तिक उपकाराची मागणी होऊन बसते. दुसऱ्या पत्राची अडचण उद्धट शब्दाची नाही, त्यात तसा एकही शब्द नाही. पण जो निर्णय साहेबांनी घ्यायचा, तो लिपिकाने परस्पर घेऊन टाकला, हे त्यांना खटकते.

मराठीत मान दाखवायला विशेषणांची रास लागत नाही. तो क्रियापदातच असतो. ‘पाठवा’, ‘पाठवावे’, ‘पाठवावे, ही विनंती’ या तीन पायऱ्या पाहा. एका प्रत्ययाने आणि दोन शब्दांनी सूर बदलतो. त्यावर ‘नम्र’, ‘सविनय’, ‘कृपावंत’ असे थर चढवले की आदर वाढत नाही, लाचारी मात्र दिसू लागते.

तेच पत्र असे लिहिता येईल: ‘महोदय, अहवाल २० तारखेला सादर करायचा आहे. ९ तालुक्यांची माहिती आली आहे. उरलेल्या ३ तालुक्यांची २२ तारखेला मिळेल. ९ तालुक्यांचा अहवाल २० तारखेला सादर करावा, की पूर्ण अहवाल २३ तारखेला, याबाबत कृपया आदेश व्हावेत.’

इथे ‘महोदय’ एकदा आले, ‘कृपया’ एकदा. तारीख चुकीची होती, असे कुठेच म्हटलेले नाही. अडचण आकड्यांतून दिसते. दोन्ही वाटा समोर आहेत आणि निवड साहेबांकडे आहे. अधिकाराचा खरा मान इथे राखला गेला.

याच कामासाठी त्या ३ तालुक्यांना लिहिताना ‘माहिती २२ तारखेला दुपारी १२ पर्यंत पाठवावी’ एवढे पुरे. शेजारच्या शाखेतल्या सहकाऱ्याला ‘तुमच्याकडचा तक्ता आज पाठवाल का?’ असे विचारावे. मजकूर तोच, फक्त क्रियापद बदलले.

टिप्पणीच्या शेवटी रूढ असलेले ‘सविनय सादर’ मात्र खुशाल राहू द्यावे. तो साचा आहे, वाचणारा त्यावर थांबत नाही. इतर ठिकाणी मसुद्यातले सगळे आदराचे शब्द खोडून पाहावेत. मागे काम, तारीख आणि प्रश्न उरला, तर पत्र नीट आहे. काहीच उरले नाही, तर साहेबांना अजून काही सांगितलेलेच नाही.