आठ फुटी छत आणि डुगडुगणारा पंखा

काल मावशीकडे गेलो. पंखा डुगडुगत होता आणि फार खालीही होता. इलेक्ट्रिशियन म्हणे, "रॉड कापू."

मी आधी मेन स्विच बंद केला. पंखा हातानं फिरवत, एकाच जागी, छतापासून प्रत्येक पात्याच्या टोकाचं अंतर मोजलं. दोन पाती सारखी, तिसरं 8 मिलिमीटर खाली. पुसताना ओढलं गेलं असणार! हलकेच वर वाकवलं, डुगडुग थांबली.

उंचीचा प्रश्न मात्र खरा होता. पाती जमिनीपासून किमान 7 फुटांवर हवीत, म्हणजे आठ फुटी छताखाली 12 इंचच उरतात. तरी रॉड घरी कापू नका. बोल्ट आणि स्प्लिट पिनची भोकं तिरकी पडली की पंखाच धोक्यात. तयार 6 इंची रॉड आणा. अगदी छताला चिकटवलात, तर वारा कमी लागेल.

तुमचं छत किती उंच? कमेंटमध्ये सांगा.