‘मुलगी पाहिली’ आणि ‘मुलीला पाहिलं’

‘रविवारी आम्ही मुलगी पाहिली’ असं कुणी म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, पसंत पडली का? ‘रविवारी आम्ही मुलीला पाहिलं’ म्हटलं, तर हा प्रश्न सहसा येत नाही. ही मुलगी आधी बोलण्यात आलेली किंवा ओळखीची असते. इंग्रजीत ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदं जे काम करतात, त्यातलं बरंचसं इथे एका ‘ला’ने केलं. क्रियापदही बदललं: ‘पाहिली’चं ‘पाहिलं’ झालं.

यात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. कोणाबद्दल बोलणं चाललं आहे हे बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही ठाऊक असणं, ही निश्चितता. बोलणाऱ्याच्या मनात एक ठरावीक व्यक्ती असणं, मग ऐकणाऱ्याला ती माहीत असो वा नसो, ही विशिष्टता. ‘मी डॉक्टर शोधतोय’ म्हणणाऱ्याला कोणीही चालेल. ‘मी डॉक्टरांना शोधतोय’ म्हटल्यावर कोणते डॉक्टर हे दोघांनाही माहीत असतं. ‘मी एका डॉक्टरला शोधतोय’ हे मधलं वाक्य जास्त रंजक आहे: डॉक्टर ठरलेला आहे, पण ऐकणाऱ्याला तो माहीत नाही. पुढे ‘कोणीही चालेल’ जोडून पाहा. पहिल्या वाक्याला ते सहज जुळतं, या तिसऱ्याला खटकतं.

तुर्की भाषेत हाच भेद कर्माला लागणाऱ्या प्रत्ययाने होतो. म्युर्वेत एन्च यांनी 1991 साली त्यावर लिहिलेला निबंध आजही या विषयात आधाराला घेतला जातो. त्यांचं एक उदाहरण असं: खोलीत काही मुलं आली, आणि पुढचं वाक्य ‘दोन मुलींना मी ओळखत होते’. मुलींना प्रत्यय लावला, तर त्या दोघी आलेल्या मुलांपैकीच. प्रत्यय नसेल, तर त्या कुणी वेगळ्याच. कोणत्या दोघी हे मात्र ऐकणाऱ्याला कळतच नाही. म्हणजे विशिष्टता आहे, निश्चितता नाही.

मराठीतल्या ‘ला’वर मात्र डोळे झाकून विसंबता येत नाही. ‘कुणालाही बोलाव’मध्ये ठरलेलं कोणीच नाही, तरी ‘ला’ आहेच. ‘मुलाला पुस्तक दिलं’ यातला ‘ला’ फक्त घेणारा कोण ते सांगतो. आणि निर्जीव वस्तूंना तो सहसा लागत नाही: ‘पुस्तकाला वाचलं’ कोणी म्हणत नाही, ‘ते पुस्तक वाचलं’ म्हणतात.

अशा वेळी शब्दांची जागा मदतीला येते. ‘दारात मांजर बसलंय’ ही नव्या मांजराची बातमी. ‘मांजर दारात बसलंय’ म्हटलं की घरातलं, माहीत असलेलं मांजर डोळ्यांपुढे येतं. चिनी भाषेत तर हा जवळजवळ नियमच आहे. पाहुण्यासाठीचा शब्द क्रियापदाच्या आधी आला, तर ज्याची वाट पाहत होतो तो पाहुणा आला. क्रियापदानंतर आला, तर कुणीतरी पाहुणा आला.