आजीच्या फोटोखालच्या चार ओळी

आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा फोटो टाकताना नातीची पहिली ओळ बहुधा ठरलेली असते : ‘ऐंशी वर्षांची तरुणी!’ पाठोपाठ ‘वय हा फक्त आकडा’ येतं आणि मग लाल बदामांची रांग. प्रेम खरंच असतं, पण त्या ओळी शेजारच्या आजीच्या फोटोखालीही तशाच चिकटवता येतात. शिवाय ऐंशी वर्षं जगलेल्या बाईला तरुणी म्हणण्यात कौतुक कसलं? तिने ही ऐंशी वर्षं कमावली आहेत.

विनोद हवा तर तो आजीच्या शरीरावर नको. कवळी, कमी ऐकू येणं, विसरणं यांवर घरात आजी स्वतः हसत असेल, पण तो हक्क तिचा. फोटो दूरच्या व्याह्यांपर्यंत जाणार असतो. विनोदात आजी जिंकावी आणि नात हरावी, म्हणजे मान राखायला वेगळे शब्द लागत नाहीत. संबोधनही घरातलंच ठेवावं. रोज ‘ए आजी, तू’ म्हणणाऱ्या नातीने फोटोखाली एकदम ‘आपण आमचे आधारवड आहात’ लिहिलं, तर पहिली आजीच विचारील, ‘बरी आहेस ना?’ आणि ज्या घरात आजीला ‘अहो’ म्हणतात, तिथे गंमत म्हणूनही ‘तू’ नको.

एक उदाहरण घेऊ. समजा, आजी मोरपंखी लुगडं नेसून खुर्चीत बसली आहे, समोर कणकेचे ऐंशी दिवे लावलेलं तबक आहे आणि शेजारी नात. फोटोत आजीचं तोंड उघडं आहे, नजर कॅमेऱ्याकडे नाही. फोटो बिघडला म्हणून नात तो काढून टाकायला निघते. मी म्हणेन, हाच ठेवावा. त्या क्षणी आजी काय म्हणत होती, ते आठवावं. ‘आटपा लवकर, शिरा खाली लागेल,’ असं ती म्हणत असेल, तर पहिली ओळ मिळाली. आजीचं वाक्य जसंच्या तसं लिहावं, सुधारू नये. ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’ ही विशेषणं त्याच्यापुढे फिकी पडतात.

दुसरी ओळ वयातून निघते. पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून टाकत. त्यामुळे त्या पिढीतल्या कितीतरी जणांचा कागदोपत्री वाढदिवस १ जूनला येतो आणि खरा कुठल्या तरी सणाच्या आगेमागे. आपल्या आजीचं असं असेल, तर विनोद आयताच हातात आहे.

तिसरी गोष्ट सहस्रचंद्रदर्शनाची. फोटोखाली ‘हजार पौर्णिमा पाहिलेली आजी’ असं हमखास लिहिलं जातं. हिशेब करून पाहा. दोन पौर्णिमांमध्ये सरासरी २९.५३ दिवस असतात. ऐंशी वर्षांचे दिवस २९,२२०. भागाकार येतो सुमारे ९९०. म्हणजे ऐंशीव्या वाढदिवसाला दहाएक पौर्णिमा बाकीच असतात. हजार भरायला आणखी साधारण दहा महिने लागतात. नातीसाठी ही सोयच आहे.

आता सगळं जुळवू :

‘आज आजीला ऐंशी पूर्ण. फोटोत ती हसत नाहीये, “आटपा लवकर, शिरा खाली लागेल” म्हणतेय. (लागला नाही. तिच्यामुळे. ढवळायला मी होते.) आधार कार्ड म्हणतं वाढदिवस १ जूनला, आजी म्हणते नागपंचमीला, आमच्या घरात आजीचं चालतं. हजार पौर्णिमांना अजून दहा कमी आहेत, तेव्हा आजी, पुढची पार्टी तुझ्याकडून पक्की. नमस्कार करते.’

शेवटचं ‘नमस्कार करते’ गाळू नये. एवढ्या थट्टेनंतर त्या दोन शब्दांनी नात पुन्हा पायाशी येते, आणि ‘लव्ह यू आजी’ला ते जमत नाही. लांबी याहून वाढवू नये. फोनवर पहिल्या दोन-तीन ओळी दिसतात आणि बाकीचा मजकूर दुमडलेला राहतो, म्हणून आजीचं वाक्य वरच हवं. आधार कार्डाचा उल्लेख चालेल, त्याचा फोटो किंवा जन्मसालासह पूर्ण तारीख मात्र नको. वयस्कर माणसांना फसवणाऱ्यांना तेवढी माहितीही उपयोगी पडते.

टाकण्याआधी मजकूर आजीला मोठ्याने वाचून दाखवा. ती हसली तर टाका. ‘हे कशाला लिहिलंस गं?’ म्हणाली, तर ती ओळ कितीही चांगली जमली असली तरी काढा.