चार टोकांखालचा सिलिकॉनचा थर

सिलिकॉनच्या चकतीत, म्हणजे वेफरमध्ये, फॉस्फरस मुरवला की दिसण्यात फारसा फरक पडत नाही. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला फॉस्फरसचे अणू पृष्ठभागातून आत शिरतात आणि वरचा जेमतेम अर्धा मायक्रोमीटर जाडीचा थर विजेला सहज वाट देऊ लागतो. हा थर केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ असतो. त्यात किती फॉस्फरस मुरला हे डोळ्यांना कळत नाही, साध्या तराजूलाही कळत नाही. थराचा विद्युतरोध मात्र ते सांगतो, आणि तो मोजण्याची प्रयोगशाळेतली रोजची रीत म्हणजे चार टोकांचा प्रोब.

मल्टिमीटरच्या दोन सुया वेफरवर टेकवून रोध का मोजत नाहीत, हे आधी पाहिले पाहिजे. सुईचे टोक सिलिकॉनला काही मायक्रोमीटर रुंदीच्या ठिपक्यातच शिवते. धातू आणि अर्धवाहक जिथे भेटतात तिथला रोध शेकडो, कधी हजारो ओहम भरतो. शिवाय सुई जरा जोरात दाबली की तो बदलतो. ज्या थराचे माप हवे आहे त्याचा वाटा यात दहा-वीस ओहमचा. म्हणजे मीटरवर जो आकडा दिसतो तो थराचा कमी आणि सुयांचा जास्त.

चार टोकांच्या रीतीत प्रवाह सोडण्याचे काम एका जोडीकडे आणि व्होल्टेज मोजण्याचे काम दुसऱ्या जोडीकडे दिलेले असते. चारही टोके एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर असतात. हे अंतर बहुधा १ मिलिमीटरच्या आसपास असते. टोके टंगस्टन कार्बाइडसारख्या कठीण पदार्थाची असून प्रत्येकामागे स्प्रिंग असते, त्यामुळे दांडा खाली आला की चारही टोके सारख्या दाबाने टेकतात. बाहेरच्या दोन टोकांतून ठरावीक प्रवाह सोडतात आणि आतल्या दोन टोकांमधले व्होल्टेज वाचतात. व्होल्टमीटर जवळजवळ प्रवाह ओढतच नाही, त्यामुळे आतल्या टोकांच्या स्पर्शाचा रोध कितीही असला तरी तिथे व्होल्टेज खर्च होत नाही. बाहेरच्या टोकांपाशी ते खर्च होते, पण ते कोणी मोजतच नाही. तिथे प्रवाह तेवढा माहीत असला की पुरे, आणि तो तर उपकरणानेच ठरवून दिलेला असतो.

ही युक्ती मुळात सिलिकॉनसाठी निघाली नव्हती. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्ये ती जमिनीची रोधकता मोजण्यासाठी मांडली. महाराष्ट्रातल्या बेसॉल्टमध्ये बोअरवेलची जागा शोधताना ओळीने ठोकलेल्या चार लोखंडी खुंट्या दिसतात, त्या याच कुळातल्या. तिथे खुंट्यांमधले अंतर मीटरमध्ये मोजतात, इतकेच. १९५४ मध्ये वाल्डेस यांनी हीच रीत जर्मेनियमवर वापरली. पातळ थर आणि लहान तुकड्यांसाठी लागणारे दुरुस्तीचे गुणक स्मिट्स यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केले, आणि ते कोष्टक आजही वापरात आहे.

मोजणीतून जी राशी मिळते तिला शीट रेझिस्टन्स म्हणतात आणि तिचे एकक ‘ओहम प्रति चौरस’ असे चमत्कारिक दिसते. कुठला चौरस, चौरस सेंटीमीटर की चौरस मीटर, असा प्रश्न पडतोच. उत्तर आहे, कुठलाही. सारख्या जाडीच्या थरातून एक चौरस तुकडा कापला आणि समोरासमोरच्या दोन कडांमधून प्रवाह सोडला, तर तुकडा मोठा घेतल्याने प्रवाहाची वाट जेवढी लांबते तेवढीच ती रुंदावते, आणि रोध तेवढाच राहतो. म्हणून शीट रेझिस्टन्स म्हणजे थराची रोधकता भागिले त्याची जाडी. जाडी माहीत नसली तरी हे भागफळ थेट मोजता येते, आणि चिप आखणाऱ्याला बहुतेक वेळा तेवढेच हवे असते. ५ मायक्रोमीटर रुंद आणि १०० मायक्रोमीटर लांब पट्टी म्हणजे ओळीने मांडलेले २० चौरस. एका चौरसाचा रोध ५० ओहम असेल तर पट्टीचा १,००० ओहम.

मोजलेल्या व्होल्टेजवरून शीट रेझिस्टन्स कसा काढतात, हे समजायला थरात प्रवाह कसा पसरतो ते पाहावे लागते. थर पातळ असल्यामुळे प्रवाहाला खाली जायला वाव नाही. बाहेरच्या टोकापासून तो गोल गोल वर्तुळांत सगळीकडे सारखा पसरतो. टोकापासून अंतर वाढते तसा वर्तुळाचा परीघ वाढतो आणि प्रवाह विरळ होत जातो. आतली दोन टोके या टोकापासून एकपट आणि दुप्पट अंतरावर आहेत, म्हणून त्यांच्यातल्या व्होल्टेजच्या हिशेबात २ चा नैसर्गिक लॉगरिदम, म्हणजे ०.६९३, येतो. प्रवाह परत घेणारे दुसरे टोकही तेवढीच भर घालते. शेवटी सूत्र असे उरते:

Rs = (π / ln 2) × (V / I) = 4.532 × V / I

टोकांमधले अंतर या सूत्रात कुठेच नाही. ते १ मिलिमीटर असो की दीड, चारही सारख्या अंतरावर असली म्हणजे झाले. मात्र थर त्या अंतराच्या मानाने पातळ हवा आणि कडा दूर हव्यात.

आता एक उदाहरण. पी-प्रकारचा, ५०.८ मिलिमीटर व्यासाचा वेफर घेतला आहे. त्याच्या वरच्या बाजूला फॉस्फरस मुरवून एन-प्रकारचा थर तयार केला आहे. भट्टीत पृष्ठभागावर फॉस्फरसयुक्त काच चढते. ती सौम्य हायड्रोफ्लुओरिक आम्लात काढून वेफर धुऊन वाळवला आहे. टोकांमधले अंतर १ मिलिमीटर आहे. प्रोब वेफरच्या मधोमध टेकवून १.०० मिलिअँपिअर प्रवाह सोडला, तेव्हा आतल्या टोकांमध्ये ११.०८ मिलिव्होल्ट आले. प्रवाहाची दिशा उलटवली तेव्हा उणे १०.९२ आले. दोन्ही आकडे थोडे वेगळे येणे स्वाभाविक आहे. तारांच्या जोडांवरच्या तापमानफरकामुळे उपजणारे बारीकसे व्होल्टेज एका वाचनात मिळवले जाते आणि दुसऱ्यात वजा होते. चिन्ह सोडून सरासरी काढली की ते जाते आणि उरतात ११.०० मिलिव्होल्ट. भागिले १.०० मिलिअँपिअर, म्हणजे ११.०० ओहम.

याला सरळ ४.५३२ ने गुणले तर ४९.९ येतात. पण ४.५३२ हा गुणक अमर्याद पसरलेल्या थराचा आहे. वेफर अमर्याद नाही, त्याचा व्यास टोकांच्या अंतराच्या ५०.८ पट आहे. मध्यभागी मोजताना गोल चकतीसाठी स्मिट्स यांच्या सूत्राने गुणक ४.५१७ येतो. म्हणून शीट रेझिस्टन्स = ४.५१७ × ११.०० = ४९.७ ओहम प्रति चौरस. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे आणि रोजच्या कामात तो कोणी मनावर घेणार नाही.

तो कधी मनावर घ्यावा लागतो, हे याच वेफरचा १० मिलिमीटर बाजूचा चौरस तुकडा घेतला की दिसते. थर तोच असला तरी प्रवाहाला पसरायला जागा कमी, त्यामुळे तो आतल्या टोकांखाली जास्त दाटतो आणि व्होल्टेज ११.७७ मिलिव्होल्ट भरते. सवयीने ४.५३२ ने गुणणाऱ्याला ५३.३ ओहम मिळतील आणि भट्टीत फॉस्फरस कमी पडला असे वाटेल. अशा तुकड्यासाठी कोष्टकातला गुणक ४.२२१ आहे, आणि त्याने गुणले की पुन्हा ४९.७ येतात. सात टक्क्यांची ही चूक विद्यार्थ्यांच्या वह्यांत सहज शिरते, कारण प्रयोगाला बहुधा फुटलेल्या वेफरचे तुकडेच वाट्याला येतात.

जाडीही माहीत असेल तर रोधकतेपर्यंत जाता येते. थर ०.५ मायक्रोमीटर, म्हणजे ०.००००५ सेंटीमीटर जाड धरला, तर ४९.७ × ०.००००५ = सुमारे ०.००२५ ओहम-सेंटीमीटर. एन-प्रकारच्या सिलिकॉनमध्ये ही रोधकता दर घन सेंटीमीटरला सुमारे 2.5 × 10¹⁹ फॉस्फरस अणूंच्या आसपास येते, म्हणजे सिलिकॉनच्या दर दोन हजार अणूंमागे एक.

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली आहे: प्रवाह वरच्या थरातच राहतो. खाली तर ३०० मायक्रोमीटर जाड सिलिकॉन आहे, मग तो तिकडे का जात नाही? एन आणि पी जिथे भेटतात ती संधी त्याला अडवते. ही अडवणूक टोकांच्या अणकुचीपणावर आणि उजेडावर अवलंबून असते, हे नवशिक्यांच्या ध्यानात येत नाही. टोक फार टोकदार असेल किंवा दाब जास्त असेल तर ते पातळ थर भोसकून खालच्या पी-भागाला शिवते. खालच्या भागाची रोधकता १० ओहम-सेंटीमीटर असेल तर त्याचा शीट रेझिस्टन्स सुमारे ३३३ ओहम होतो. संधी पुरती निकामी होऊन तो समांतर जोडला गेला, तर ४९.७ च्या जागी सुमारे ४३ दिसतात. आकडा विश्वासार्ह वाटतो, म्हणूनच तो फसवा. ओळखण्याची साधी खूण म्हणजे प्रवाह निम्मा करून पाहणे. संधी शाबूत असेल तर व्होल्टेजही निम्मे होते. गळत असेल तर गुणोत्तर सरकते आणि दोन्ही दिशांच्या वाचनांतही फरक वाढतो. अर्धा मायक्रोमीटर थरासाठी म्हणूनच जरा गोलसर टोके आणि कमी दाब वापरतात.

उजेडाची गोष्टही तशीच. हा वेफर म्हणजे एका अर्थी सौरघटच आहे. वर दिवा असेल तर संधीवर स्वतःचे व्होल्टेज तयार होते आणि मीटरचा आकडा ठरत नाही. प्रोबवर काळे झाकण घातले की तो जागेवर येतो. झाकण घातले तरी आकडा नाचत असेल तर मात्र बहुधा फॉस्फरसची काच नीट निघालेली नसते. टोके काचेवर टेकतात, प्रवाहाचा स्रोत आपल्या कमाल व्होल्टेजला जाऊन अडतो आणि ठरवलेला १ मिलिअँपिअर प्रत्यक्षात वाहतच नाही. अशा वेळी आम्लात पुन्हा बुडवून वेफरवरून पाणी ओघळून जाते का, हे पाहतात. उघड्या सिलिकॉनवर पाणी टिकत नाही, काचेवर पसरते.

सगळे बिनचूक जमले तरी ४९.७ हा आकडा थराच्या पूर्ण जाडीचा गोळाबेरीज हिशेब असतो. फॉस्फरस पृष्ठभागाशी दाट आणि खाली विरळ असतो, हे त्यातून कळत नाही. उथळ पण दाट आणि खोल पण विरळ असे दोन थर अगदी सारखा शीट रेझिस्टन्स दाखवू शकतात. त्यांच्यातला फरक पाहायचा तर वेफर अगदी तिरका घासून, रंग चढवून संधीची खोली सूक्ष्मदर्शकाखाली वाचावी लागते, किंवा थर इंचाइंचाने नव्हे तर नॅनोमीटरनॅनोमीटरने खरवडत प्रत्येक पातळीवर पुन्हा मोजत जावे लागते.